दुभाजन पद्धत हमी कशाची देते? संथपणाचं कारण आणि फेऱ्यांचा हिशोब

प्रश्न: x³ − 2x − 5 = 0 हे समीकरण २ आणि ३ यांच्यामध्ये दुभाजन पद्धतीने सोडवतोय. पाचव्या फेरीत २.०९३७५ आलं आणि सहाव्या फेरीत २.१०९३७५. खरं उत्तर २.०९४५५ च्या आसपास आहे, म्हणजे सहावं उत्तर पाचव्यापेक्षा वाईट! पुस्तकात तर लिहिलंय की ही पद्धत नेहमी अभिसरण पावते. मग असं कसं? ती इतकी हळू का चालते? आणि सहा दशांश स्थळं हवी असतील तर नेमक्या किती फेऱ्या करायच्या?

उत्तर:

तुमची आकडेमोड बरोबर आहे आणि पद्धतही ठीक चालली आहे. गोंधळ होतोय तो एका गृहीतकामुळे: प्रत्येक नवा मध्यबिंदू आधीच्यापेक्षा मुळाच्या जवळ असायला हवा, असं तुम्ही धरून चालला आहात. पुष्कळ पुस्तकं फक्त मध्यबिंदूंचा तक्ता छापतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण दुभाजन पद्धत मध्यबिंदूबद्दल असं कुठलंही वचन देत नाही. तिचं वचन अंतरालाबद्दल आहे: मूळ या दोन टोकांच्या मध्ये आहे, आणि ही टोकं दर फेरीला निम्म्या अंतरावर येतील. ही एक गोष्ट नीट धरली की तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

तुमचंच उदाहरण घेऊन बसू. f(x) = x³ − 2x − 5. f(2) = −1 आणि f(3) = 16. एका टोकाला ऋण, दुसऱ्या टोकाला धन. फंक्शन सतत आहे, मध्ये कुठे तुटत नाही, म्हणून त्याला २ आणि ३ यांच्यामध्ये कुठेतरी शून्यातून जावंच लागतं. हे मध्यवर्ती मूल्य प्रमेय. बोल्झानोने १८१७ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली. कोशीने १८२१ मध्ये दिलेल्या एका सिद्धतेत अंतरालाचे समान भाग पाडायचे, ज्या भागाच्या टोकांची चिन्हं वेगळी आहेत तो निवडायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असं केलं आहे. प्रत्येक वेळी दोनच भाग पाडले की ती आपली दुभाजन पद्धत झाली. मूळ आहे हे सिद्ध करण्याची रीत आणि ते शोधण्याची रीत इथे एकच आहे, आणि माझ्या मते या पद्धतीची खात्री इथून येते.

आता फेऱ्या. पहिला मध्यबिंदू २.५, तिथे f = 5.625, धन. म्हणून मूळ २ ते २.५ मध्ये. दुसरा २.२५, धन. तिसरा २.१२५, तिथे साधारण ०.३४६, अजून धन. चौथा २.०६२५, तिथे −०.३५१, ऋण. आता मूळ २.०६२५ ते २.१२५ मध्ये अडकलं. पाचवा मध्यबिंदू २.०९३७५, तिथे f साधारण −०.००८९. पुन्हा ऋण, म्हणून मूळ २.०९३७५ ते २.१२५ मध्ये. या अंतरालाचा मध्य २.१०९३७५, तुमचं सहावं ‘वाईट’ उत्तर.

खरं मूळ २.०९४५५१४८१५… आहे. म्हणजे पाचवा मध्यबिंदू मुळापासून फक्त ०.०००८ अंतरावर होता. पण ते पद्धतीला माहीत नव्हतं. तिने फक्त चिन्ह पाहिलं: ऋण. मूळ उजवीकडे आहे एवढंच तिला कळलं. अगदी लगेच उजवीकडे आहे की २.१२५ च्या जवळ आहे, हे चिन्हावरून कळत नाही. म्हणून ती प्रामाणिकपणे उरलेल्या अंतरालाच्या मधोमध गेली, आणि मुळापासून ०.०१४८ लांब पडली. सातवा मध्यबिंदू ०.००७० लांब, आठवा ०.००३१, नववा ०.००१२. पाचव्याइतकं जवळ जायला दहावी फेरी यावी लागली, तिथे अंतर ०.०००१८ झालं.

या आकड्यांशेजारी हमीचे आकडे ठेवून पाहा. पाचव्या फेरीची हमी १/३२ म्हणजे ०.०३१२५ इतकीच होती. प्रत्यक्षात त्रुटी तिच्या साधारण एकोणचाळिसाव्या भागाइतकीच होती. तो निव्वळ योगायोग, मूळ त्या बिंदूच्या शेजारी पडलं होतं म्हणून. सहाव्या फेरीची हमी १/६४ म्हणजे ०.०१५६२५, आणि प्रत्यक्ष त्रुटी ०.०१४८, जवळजवळ हमीच्या काठावर. तरीही काठाच्या आत. खरी त्रुटी वरखाली उड्या मारते, पण दर फेरीला निम्मं होत जाणारं छत ती कधीच ओलांडत नाही. ‘नेहमी अभिसरण’ याचा अर्थ इतकाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

## एका फेरीत किती कळतं

हळूपणाचं कारण मला सर्वात जास्त आवडतं, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो.

मुळाचा अपूर्णांक भाग, ०.०९४५५१४८१५…, द्विमान पद्धतीत लिहिला तर तो असा सुरू होतो:

0.00011 00000 1101…

तुमच्या फेऱ्या याच्याशी ताडून पाहा. f धन आलं, म्हणजे मूळ डाव्या अर्ध्यात, तिथे अंक ०. f ऋण आलं, म्हणजे उजव्या अर्ध्यात, तिथे अंक १. पहिल्या तीन फेऱ्या धन: ०, ०, ०. चौथी आणि पाचवी ऋण: १, १. मग सहावीपासून दहावीपर्यंत सगळ्या धन: पाच शून्यं. म्हणजे तुम्ही दर फेरीला मुळाचा एक द्विमान अंक लिहून काढत होतात. पाचव्या फेरीनंतर उत्तर ‘बिघडलं’ असं वाटलं, त्याचं कारण त्या अंकांमध्ये ओळीने पाच शून्यं आहेत. पाचवा मध्यबिंदू 0.00011 पाशी होता, पुढची पाच शून्यं त्यात न लिहिताही बरोबर होती, पण ती बरोबर आहेत हे एकेक करून तपासण्यात पाच फेऱ्या गेल्या.

एका फेरीत एक हो-नाही प्रश्न विचारला जातो आणि एकच बिट माहिती मिळते. दशमान पद्धतीतला एक अंक म्हणजे साधारण ३.३२ बिट, कारण १० चा पाया २ वरचा लॉगरिदम ३.३२१९ आहे. म्हणून दशांशातला प्रत्येक नवा अंक सव्वातीन ते साडेतीन फेऱ्या मागतो, सुरुवातीला आणि शेवटीही तितक्याच. मूळ अगदी जवळ आलं म्हणून वेग वाढत नाही. याला रेषीय अभिसरण म्हणतात.

हा वेग कोणी हुशारीने वाढवू शकेल का? फक्त चिन्ह पाहायचं अशी अट असेल तर नाही. n वेळा चिन्ह पाहिलं तर उत्तरांच्या जास्तीत जास्त 2ⁿ वेगवेगळ्या मालिका होऊ शकतात. सुरुवातीचा अंतराल त्या मालिकांमध्ये वाटला जातो, म्हणून एका तरी मालिकेच्या वाट्याला एकूण लांबीच्या 2ⁿ व्या भागाइतका किंवा त्याहून मोठा तुकडा येणारच. मूळ तिथे असेल तर तुम्हाला त्याहून बारीक काही सांगता येणार नाही. दुभाजन पद्धत नेमका इतकाच तुकडा उरवते. म्हणजे चिन्हावर चालणाऱ्या पद्धतींत, सर्वात वाईट परिस्थिती धरली तर, हिच्यापेक्षा वेगवान पद्धत असूच शकत नाही.

ती हळू वाटते, कारण आपल्याकडे चिन्हाखेरीज आणखी माहिती असते आणि ती ही पद्धत फेकून देते. f(2) = −1 आणि f(3) = 16 एवढं पाहूनच मूळ २ च्या जवळ असावं असं तुम्ही म्हणाल. दुभाजन पद्धतीला १६ आणि ०.००१६ यांत फरक नाही, दोन्ही ‘धन’. पण तिची खात्रीही याच दुर्लक्षातून येते. किंमत किती मोठी आहे, उतार किती आहे, वक्र कसा वळतो, यांपैकी कशावरही ती अवलंबून नाही, त्यामुळे यांपैकी काहीही विचित्र असलं तरी तिचं बिघडत नाही.

हेच समीकरण न्यूटनने स्वतःची पद्धत समजावताना वापरलं होतं, म्हणून तुलना सोपी आहे. न्यूटनची पद्धत आज आपण शिकतो त्या रूपात x = २ पासून सुरू करा: २, २.१, २.०९४५६८१, २.०९४५५१४८१७. तीन पायऱ्यांत त्रुटी साधारण १.६ × १०⁻¹⁰ वर आली. तुमच्या अंतरालावर दुभाजन पद्धतीला तेवढी हमी द्यायला ३३ फेऱ्या लागतील. आता तीच पद्धत x = ० पासून सुरू करून पाहा: ०, −२.५, −१.५६७, −०.५०३, −३.८२. ऋण बाजूला मूळच नाही, तरी ती तिथे भटकते आहे. ती तिथून पुढेमागे बाहेर पडेल की नाही, आणि पडली तर कितव्या पायरीला, हे आधी सांगता येत नाही. दुभाजन पद्धतीबद्दल मात्र फेऱ्यांची संख्या सुरू करण्याआधी कागदावर लिहून ठेवता येते.

## फेऱ्यांचा हिशोब

फेरी म्हणजे काय ते आधी ठरवू, कारण वेगवेगळ्या पुस्तकांत उत्तर एकाने कमीजास्त येतं ते इथेच. मी एक फेरी म्हणतो ती अशी: मध्यबिंदू काढला, तिथलं चिन्ह पाहिलं, अर्धा भाग टाकून दिला. n फेऱ्यांनंतर उरलेल्या अंतरालाची लांबी

(b − a) / 2ⁿ

इतकी असते. n वा मध्यबिंदू या उरलेल्या अंतरालाचं एक टोक असतो, आणि मूळ त्याच अंतरालात असतं. म्हणून n व्या मध्यबिंदूची त्रुटीही जास्तीत जास्त इतकीच. ती ε पेक्षा जास्त नसावी असं हवं असेल तर

n ≥ log₂((b − a) / ε)

आणि येणारी संख्या वरच्या पूर्णांकापर्यंत न्यायची. यात f कुठेच नाही, हे लक्षात घ्या. घन समीकरण असो, त्रिकोणमितीय असो की आणखी काही, फक्त सुरुवातीची लांबी आणि हवी ती अचूकता, एवढंच लागतं.

तुमच्यासाठी b − a = 1. सहा दशांश स्थळं म्हणजे त्रुटी ०.००००००५ पर्यंत चालेल असं धरू. मग 2ⁿ हा २०,००,००० पेक्षा मोठा हवा. 2²⁰ = १०,४८,५७६ कमी पडतो, 2²¹ = २०,९७,१५२ पुरतो. म्हणून २१ वा मध्यबिंदू. आता एक बारकावा: त्या २१ व्या मध्यबिंदूवर f काढायची गरजच नाही. २० फेऱ्या करा आणि उरलेल्या अंतरालाचा मध्य सांगून मोकळे व्हा, त्याची त्रुटी उरलेल्या लांबीच्या निम्म्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. एका पुस्तकात २० आणि दुसऱ्यात २१ दिसलं तर दोघंही बहुधा बरोबर असतात, मोजणी वेगळी असते.

लॉगरिदममुळे सुरुवातीचा अंतराल फारसा महत्त्वाचा राहत नाही. समजा मूळ कुठे आहे याची काहीच कल्पना नव्हती आणि तुम्ही ० ते १००० घेतलं. लांबी हजारपट झाली, पण फेऱ्या २१ वरून ३१ झाल्या, फक्त दहा जास्त. उलट खूप डोकं लावून अंतराल २ ते २.२ इतका लहान केला तर १९ लागतील, वाचल्या दोन. म्हणून चिन्हं वेगळी असलेली दोन टोकं मिळाली की सुरुवात करा, ती आणखी जवळ आणण्यात वेळ घालवू नका. अपवाद एकच: f ची प्रत्येक किंमत काढायला तास लागत असतील तर दोन फेऱ्याही मोलाच्या.

## सहा दशांश म्हणजे नक्की काय

इथे एक सापळा आहे, आणि तुमचं समीकरण नेमकं त्यात सापडतं. २० फेऱ्यांनंतरच्या अंतरालाचा मध्य २.०९४५५१५६३ येतो. त्याची त्रुटी साधारण ८ × १०⁻⁸ आहे, म्हणजे आपण मागितलेल्या ०.००००००५ च्या पुष्कळ आत. पण हे उत्तर सहा दशांशांपर्यंत जवळच्या अंकात लिहिलं तर २.०९४५५२ होतं. खरं मूळ २.०९४५५१४८१५ आहे, ते लिहिलं तर २.०९४५५१. त्रुटी ठरवलेल्या मर्यादेत असूनही सहावा अंक वेगळा आला.

कारण मूळ २.०९४५५१५ या सीमेच्या अगदी लागून आहे. सीमेच्या अलीकडे ते स्वतः आहे, पलीकडे आपला मध्यबिंदू. ‘त्रुटी अमुकपेक्षा कमी’ आणि ‘अमुक अंक बरोबर’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिल्या मागणीला फेऱ्यांची ठरावीक संख्या पुरते. दुसरीला किती लागतील हे मूळ सीमेच्या किती जवळ पडलं आहे यावर अवलंबून असतं आणि ते आधी कळत नाही. म्हणून माझ्याकडे काम आलं की मी आधी विचारतो, यातलं नेमकं काय हवं आहे. बहुतेक वेळा पहिलंच पुरतं, आणि तेव्हा उत्तर सरळ अंतरालाच्या रूपात द्यावं: २.०९४५५१६ अधिक-उणे ०.००००००६, असं. शेवटचा अंक लपवाछपवी न करता लिहिला जातो.

## हमी कधी तुटते

गणितात ही हमी दोनच गोष्टींवर उभी आहे: फंक्शन सतत आहे, आणि चिन्ह बरोबर वाचलं आहे. कॉम्प्युटरवर तिसरी गोष्ट येते, दोन संख्यांच्या मध्ये खरोखर एखादी संख्या असायला हवी.

सातत्य नसेल तर काय होतं ते tan x वर पाहा. १ ला किंमत साधारण १.५६, २ ला साधारण −२.१९. चिन्हं वेगळी, पद्धत आनंदाने चालू होते आणि १.५७०८ वर म्हणजे π/2 वर येऊन थांबते. तिथे मूळ नाही, तिथे फंक्शन अनंताकडे जातं. ओळखायचं कसं? मध्यबिंदूवरच्या f च्या किमती छापा. खऱ्या मुळाकडे जाताना त्या एकंदरीत लहान होत जातात, इथे त्या फुगत जातील. दुसरी अडचण म्हणजे (x − 1)² सारखं फंक्शन. मूळ आहे, पण चिन्ह बदलतच नाही, त्यामुळे पद्धत सुरूच होऊ शकत नाही.

चिन्ह चुकीचं वाचलं जाण्याचं उदाहरण जास्त फसवं आहे. (x − 1)³ उलगडून x³ − 3x² + 3x − 1 असं लिहिलं आणि नेहमीच्या डबल प्रिसिजनमध्ये काढलं, तर १ च्या आसपास १०⁻⁵ च्या पातळीवर खरी किंमत १०⁻¹⁵ इतकी लहान असते. गोलाईच्या चुका त्याच आकाराच्या असतात. तिथे मिळणारं धन-ऋण म्हणजे निव्वळ गोंगाट. पद्धत पुढेही निम्मं-निम्मं करत राहील, अंतराल १०⁻¹² चा दाखवेल, पण मूळ केव्हाच त्याच्या बाहेर राहिलेलं असू शकतं. तुमच्या घन समीकरणात ही भीती नाही, कारण मुळापाशी उतार ११ च्या वर आहे, वक्र अक्षाला चांगला तिरका छेदतो. उतार शून्याजवळ असेल तर मात्र सांभाळा.

आणि तिसरी गोष्ट: डबल प्रिसिजनमध्ये २ आणि ४ यांच्यातल्या शेजारच्या दोन संख्यांमध्ये 2⁻⁵¹ म्हणजे साधारण ४.४ × १०⁻¹⁶ इतकं अंतर असतं. तुमचा अंतराल १ लांबीचा असल्याने जास्तीत जास्त ५१ फेऱ्यांनंतर दोन्ही टोकं एकमेकांची शेजारी होतात. त्यांचा ‘मध्य’ त्यांच्यापैकीच एक निघतो. कोणी `while b - a > 1e-16` असं लिहिलं असेल तर ते लूप कधीच संपणार नाही. प्रोग्रॅम अडकल्याची तक्रार आली की मी सर्वात आधी ही ओळ शोधतो. म्हणून फेऱ्या आधीच मोजून घ्या आणि तितक्याच चालवा:

```python
import math

def dubhajan(f, a, b, tol):
    fa, fb = f(a), f(b)
    if (fa > 0) == (fb > 0):
        raise ValueError("चिन्हं सारखी आहेत")
    n = math.ceil(math.log2((b - a) / tol))
    for _ in range(n):
        c = a + (b - a) / 2
        if c == a or c == b:
            break
        if (f(c) > 0) == (fa > 0):
            a = c
        else:
            b = c
    return a, b
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. f(a) आणि f(b) यांचा गुणाकार करून चिन्ह तपासलेलं नाही, कारण दोन्ही किमती फार लहान असतील तर गुणाकार शून्य होऊन बसतो आणि तपासणी फसते. आणि शेवटी एक संख्या न देता दोन्ही टोकं परत दिली आहेत, कारण हमी आहे ती टोकांचीच. `dubhajan(f, 2, 3, 1e-6)` असं चालवलंत तर ते मोजून २० फेऱ्या करेल.

थांबण्यासाठी |f(c)| लहान झालं की पुरे, अशी अट बरेच जण घालतात. ती हमीला धरून नाही. तुमच्याकडे पाचव्या मध्यबिंदूवर f होतं −०.००८९ आणि x मधली त्रुटी ०.०००८, कारण मध्ये ११ चा उतार आहे. उतार ०.००१ असता तर तेवढ्याच f ला x मधली त्रुटी आठ-नऊच्या घरात असती. अचूकता x मध्ये हवी असेल तर x मधलीच लांबी मोजा.

## वेगही हवा असेल तर

तुम्हाला सहाच दशांश हवेत, तेव्हा २० फेऱ्या चालवा, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतील. पण हेच काम लाखो वेळा करायचं असेल, तर किमतींची फेकून दिलेली माहिती परत वापरावी लागते. ती कशी वापरता यावर हमी टिकते की जाते ते ठरतं.

दोन टोकांना सरळ रेषेने जोडून ती अक्षाला छेदते तो बिंदू घ्यायचा, ही मिथ्यास्थिती पद्धत. तुमच्या अंतरालावर ती २.०५८८ देते, मग २.०८१३. मुळाकडे जातेय, पण वक्र वरच्या बाजूला वळलेला असल्याने ३ हे टोक कधीच हलत नाही. अंतरालाची लांबी ०.९ च्या खाली जातच नाही. मूळ या दोन टोकांत आहे हे अजून खरं असतं, पण त्या वाक्यातून अचूकतेबद्दल काहीच कळत नाही. म्हणून व्यवहारात मिश्र पद्धती वापरतात. ब्रेंटने १९७३ मध्ये मांडलेली पद्धत, जी सायपायमध्ये `brentq` नावाने मिळते, वेगवान पाऊल टाकून पाहते आणि ते पुरेसं चांगलं नसेल तर दुभाजनावर परत येते.

हाताने करायचं तर मी असं करतो. चार-पाच फेऱ्या दुभाजनाच्या, मूळ नक्की कुठे आहे हे बांधून घ्यायला. मग न्यूटनची पायरी. तुमच्या २.०९३७५ वरून पहिली पायरी २.०९४५५१८४ देते, त्रुटी साधारण ३.६ × १०⁻⁷. आणखी एका पायरीने ती १०⁻¹³ च्या आसपास जाते.

पण न्यूटनच्या उत्तरामागे अजून हमी नाही, आणि ती मिळवायला दुभाजनाची मूळ कल्पनाच उपयोगी पडते: दोन बिंदू, दोन चिन्हं. सहावा दशांश अंक १ च आहे हे पक्कं करायचं तर मूळ २.०९४५५०५ आणि २.०९४५५१५ यांच्या मध्ये आहे का, एवढंच तपासा. पहिल्या बिंदूवर f साधारण −१.१ × १०⁻⁵ येतं, दुसऱ्यावर साधारण +२.१ × १०⁻⁷. दुसरा आकडा लहान आहे, पण इथल्या गोलाईच्या चुका १०⁻¹⁵ च्या घरात असतात, त्यामुळे चिन्ह विश्वासार्ह आहे. चिन्हं वेगळी, म्हणून सहा दशांशांपर्यंत उत्तर २.०९४५५१. वर ज्या सीमेवर २० फेऱ्यांचा मध्य फसला होता, तीच सीमा इथे f ची फक्त एक किंमत काढून निकालात निघाली.